पावनखिंडीच्या चित्रासाठी मनापासून आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. चौथीच्या पुस्तकातलं पावनखिंडीचं चित्र पूर्ण झालं. ते तुमच्या शब्दांवर उभं आहे, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे आलेली चित्रसूचना अशी होती: ‘रक्ताने न्हालेले बाजीप्रभू, पायाशी शत्रूंची मुंडकी, खिंडीतून वाहणारे रक्ताचे पाट.’ तुम्ही ती वाचून पहिला प्रश्न विचारलात, बाजीप्रभू तिथं काय करत होते? ते वाट अडवून धरत होते. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज पन्हाळ्यावरून निघाले, सिद्दी मसूद पाठलागावर होता, आणि महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत घोडखिंड सोडायची नव्हती. मूळ सूचनेत मारणं होतं. हे अडवून धरणं कुठंच नव्हतं.

मग तुम्ही लिहून दिलंत: ‘आषाढातला पाऊस, निसरडे खडक. वाट इतकी अरुंद की समोरून थोडेच लोक एका वेळी येऊ शकतील. आपण मावळ्यांच्या पाठीमागे उभे आहोत. मधोमध बाजीप्रभू, पाय रोवलेले, दोन्ही हातांत शस्त्रं. दंडाला बांधलेलं फडकं. मागे एक बांदल मावळा जखमी सोबत्याला आधार देतो आहे. खडकावर एक ढाल आणि पागोटं, जवळ कुणी नाही.’

पाठीमागून पाहिल्यामुळे पात्यांची टोकं वाचणाऱ्या मुलाकडे येत नाहीत आणि पातं अंगाला लागण्याचा क्षण बाजीप्रभूंच्या पाठीआड जातो. फडक्यावरून जखम कळते, ती उघडी दाखवावी लागत नाही. ढाल-पागोट्यावरून कुणीतरी पडलं हेही समजतं. रंगाबद्दलची तुमची सूचना तर मला फार मोलाची वाटली: चिखलाजवळ लाल रंग नको, कारण छपाईत चित्र लहान झालं की लाल शेलासुद्धा रक्तासारखा दिसतो. मी शेले हळदी आणि निळसर केले.

मसूदच्या सैनिकांना राक्षसासारखे चेहरे देऊ नका, तीही रात्रभर चिखलातून धावून दमलेली माणसं आहेत, असंही तुम्ही बजावलंत. ते चेहरे काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि चित्रातला तोच भाग मला सर्वांत खरा वाटतो.

कच्चं रेखाटन मजकूर झाकून मुलांना दाखवा, असं तुम्ही सुचवलं होतंत. ‘ते मारतायत’ असं उत्तर आलं तर चित्र पुन्हा करायचं, ‘कुणाला तरी पुढं येऊ देत नाहीयेत’ असं आलं तर ठेवायचं. आमच्या वाड्यातल्या मुलांनी दुसरं उत्तर दिलं.

संपादक चित्राखाली फक्त ‘बाजीप्रभूंचा पराक्रम’ लिहिणार होते. मृत्यू लपवायचा नाही, हा तुमचा आग्रह मी त्यांच्यापर्यंत पोहोचवला. आता ओळ अशी आहे: ‘महाराज गडावर पोहोचेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवली. या लढाईत त्यांनी आणि अनेक मावळ्यांनी प्राण दिले.’ ती तुम्ही लिहिली होती तशीच, एकही शब्द न बदलता छापली जाते आहे.

आपली कृतज्ञ,
पुस्तकाची चित्रकार