टॉवरच्या जाहिराती छापण्याआधी एवढं तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘शेतात, प्लॉटवर, घराच्या छतावर मोबाईल टॉवर बसवा, पाच लाख ॲडव्हान्स, तीस हजार भाडे, घरातील एकाला नोकरी’. खाली फक्त मोबाईल नंबर, ना पत्ता ना कंपनीची नोंदणी. अशा छोट्या जाहिराती मराठवाड्यातल्या बहुतेक वर्तमानपत्रांत येतात, आपल्यातही येतात. कोरडवाहू माळरानाचा धनी ती वाचतो तेव्हा ‘पेपरात आलंय म्हणजे खरं असेल’ हाच त्याचा पहिला विचार असतो.

आमच्या परतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे कागद मी स्वतः पाहिले, म्हणून हे लिहितो. त्याने फोन केल्यावर सातबारा, आठ-अ, आधार आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवला. दोनच दिवसांत ‘सॅटेलाइट सर्व्हेत तुमचा गट नंबर पास झाला’ असा निरोप आला. सोबत अशोकस्तंभ आणि दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं नाव छापलेलं मंजुरीपत्र. नोंदणीचे २,५५० रुपये भरले. मग करारनामा आणि विम्याचे १८,६००. मग पाच लाखांच्या ॲडव्हान्सवर दहा टक्के टीडीएस म्हणून ५०,०००. सगळे मिळून ७१,१५० रुपये, तेही कुठल्या कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या बचत खात्यात. ‘नको तुमचा टॉवर, पैसे परत द्या’ म्हटल्यावर करार रद्द करण्याचा चार्ज मागितला, आणि तिथून पुढे फोन बंद.

यातली टीडीएसची मागणीच सगळं उघडं पाडते. टीडीएस हा पैसे देणाऱ्याने देताना कापून सरकारजमा करायचा असतो. पाच लाख देणारी कंपनी त्यातूनच तो कापेल, शेतकऱ्याकडून आधी कशाला मागेल? ट्राय आणि दूरसंचार विभागाने तर वेळोवेळी जाहीर सूचना काढून सांगितलंय, की टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्यात आमचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध नाही, त्यासाठी आम्ही ना-हरकत पत्र देत नाही की कसला कर-शुल्क घेत नाही. म्हणजे ट्रायच्या नावाचं मंजुरीपत्र हातात पडलं, की तोच फसवणुकीचा पुरावा समजावा.

खऱ्या टॉवरची वाटच उलटी असते. रेंज कुठे कमी पडते ते कंपनीचे इंजिनिअर आधी पाहतात आणि नकाशावर एक छोटा टापू ठरवतात. त्या टापूतल्या जमीनमालकांकडे कंपनीचा माणूस येतो. रस्ता आणि विजेची लाइन जवळ आहे का, जमीन पाया धरेल का, हे बघतो. मग वकील मालकी तपासतो. या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, भावाभावांत वाटणीही झालेली नाही. खरी कंपनी इथेच अडली असती, भावांच्या सह्या आणि सोसायटीचं पत्र मागितलं असतं. यांनी बोजाचा ‘ब’सुद्धा काढला नाही आणि बांधावर कुणी फिरकलंही नाही. सगळं जमल्यावर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो आणि पैसे कंपनीकडून मालकाकडे येतात. मालकाने कंपनीला आगाऊ काही द्यायची पायरी यात येतच नाही.

त्या कागदांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. विश्वास बसावा म्हणून त्याला बीड जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा फोटो लावलेला ‘करारनामा’ पाठवला होता. आता याचा सातबारा आणि फोटोही असाच दुसऱ्या कुणाला दाखवला जात असेल.

असे पैसे गेले तर त्याच तासाला सायबर हेल्पलाइन 1930 वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. आमच्याकडे माणूस आधी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसतो. यानेही तेच केलं, आणि तोवर ते खाते रिकामं झालं होतं. पैसे गेले नसतील, नुसता असा फोन किंवा मेसेज आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेवर तो नंबर कळवता येतो.

राहिली गोष्ट आपल्या वर्तमानपत्राची. ‘जाहिरातीतील मजकुराची वाचकांनी खातरजमा करावी’ ही बारीक ओळ आपण छापता. पण ती खातरजमा शेतकऱ्यापेक्षा आपल्या जाहिरात विभागाला कितीतरी सोपी आहे. टॉवर उभारणाऱ्या कंपन्यांची दूरसंचार विभागाकडे नोंदणी असते आणि त्यांची यादी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. टॉवरची जाहिरात घेऊन येणाऱ्याकडे नोंदणीचं पत्र आणि कंपनीच्या नावाचं बँक खातं मागा. दोन्ही नसतील तर जाहिरात घेऊ नका. हा नियम आपण कधीपासून लागू करणार, ते याच पानावर कळवावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. परतूर, जि. जालना