उरलेला भात आणि अडीचशे भाकऱ्या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या शुक्रवारपासून तीन दिवस आमच्या शाळेचं शिबिर आहे, इथेच खानापूरजवळच्या एका मळ्यात. मुलं पन्नास, मोठी माणसं आठ. स्वयंपाकाला पालकांपैकी चौघी येणार आहेत. दोन चुली दगडांच्या, वर पत्रा, आणि फ्रीज नाही. जेवणाचं सगळं माझ्याकडे आहे.

आई, तू फोनवर म्हणालीस, रात्रीचा भात उरला तर सकाळी फोडणी द्या. घरी आपण तेच करतो. पण मागे एका शिबिरात आम्ही तसंच केलं आणि दोन तासांत सहा-सात मुलांना उलट्या झाल्या. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते लक्षात राहिलं. तांदळात काही जिवाणूंची बीजं असतात, ती उकळूनही मरत नाहीत. मोठ्या टोपातला भात रात्रभर कोमट राहतो, त्यात ती वाढतात आणि जे विष तयार होतं ते परत तापवूनही जात नाही. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून कळतही नाही.

म्हणून आता भात उरूच द्यायचा नाही. माणशी साधारण नव्वद ग्रॅम धरले तर अठ्ठावन्न जणांना सव्वापाच किलो तांदूळ लागतात. त्यातले चारच किलो आधी शिजवायचे. दुसऱ्या चुलीवर आधण उकळत ठेवायचं, आणि पहिली पंगत निम्मी झाली की मुलं किती घेताहेत ते बघून उरलेले तांदूळ वैरायचे. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात वरण पुन्हा वाढता येतं. तरीही उरलाच तर त्याच रात्री गुरांना.

भात फक्त रात्री. शुक्रवारी दुपारी मुलं घरचा डबा आणतील. रात्री वरणभात आणि मेथीची भाजी, कारण पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते. शनिवारी सकाळी पोहे, पण ते चाळणीत थोडे थोडे भिजवायचे, एकदम भिजवले तर गोळा होतो. दुपारी मटकीची उसळ, रात्री मसालेभात. रविवारी सकाळी उप्पीट, दुपारी बटाटा-भोपळ्याचा रस्सा. बटाटा-भोपळा टिकतो, म्हणून शेवटी.

अडचण भाकरीची होती. एका जेवणाला माणशी दोन म्हणजे एकशे सोळा. एका तव्यावर एकीला दोन मिनिटं धरली तरी चार तास जातात, आणि ती चूल अडकून पडते. म्हणून शनिवारी आणि रविवारी दुपारी कडक भाकरी द्यायचं ठरवलं. मुलांना ती रश्श्यात चुरून आवडते.

बाबा, निपाणीत आपल्या शेजारच्या काकू ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतात, त्यांना अडीचशेचं सांगाल का? बुधवारी झाल्या तरी चालेल. फक्त पूर्ण गार झाल्यावरच बांधायला सांगा, गरम बांधल्या की वाफ धरून मऊ पडतात आणि बुरशी येते. गुरुवारी संध्याकाळी मी न्यायला येतो. पैसे तेव्हाच देईन. आई, रात्री जेवायलाच थांबेन.

तुमचा,
बाळू