बायला पत्र: मध्यम आच

फोंडा
रविवार, रात्री

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलेस की मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्नची पिशवी काळी पडली, खोलीभर धूर झाला आणि पिशवी उघडताना मनगटावर छोटासा फोड आला. मी त्या वेळी घाबरून एवढेच म्हणाले की यापुढे शेगडीवर कर आणि आच अगदी मंद ठेव. आज सकाळी तू माझे ऐकलेस, आणि अर्धे दाणे जसेच्या तसे तळाशी राहिले. ती चूक तुझी नव्हती, माझ्या सांगण्याची होती, आणि ती दुरुस्त करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. फोडाविषयी मी पुन्हा काही म्हणणार नाही.

लाह्यांच्या मक्याच्या दाण्यात 14 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, आणि वरचे टरफल इतके घट्ट असते की तापल्यावर त्या ओलाव्याची वाफ आतच कोंडते. दाणा आतून सुमारे 180 अंश सेल्सिअसला पोहोचला की टरफल फुटते आणि आतला गर फुगून बाहेर येतो. आच मंद असली तर दाणा फार रेंगाळत तापतो, आणि तेवढ्या वेळात ओलावा टोकाकडून झिरपून निघून जातो. मग नंतर कितीही तापवले तरी फुटण्याइतकी वाफ आत उरत नाही. तुझे अर्धे दाणे असेच कोरडे पडून वाया गेले. मोठी आचही नको, कारण आतला गर शिजण्याआधीच टरफल फुटते, लाही लहान आणि मध्ये कडक राहते, आणि तेलाला धूर येऊ लागतो. म्हणून मध्यम आच, आणि ती सुरुवातीपासून मध्यम.

तुझ्याकडचे ते तीन लिटरचे जाड बुडाचे पातेले घे, ज्यात मावशी तुला सोलकढी करून देत असे. त्यात दोन मोठे चमचे रिफाइंड तेल घाल. घरून नेलेले घाण्याचे खोबरेल यासाठी वापरू नकोस. त्याचा वास तुला आवडतो हे मला माहीत आहे, पण लाही फुटेपर्यंत तेल जेवढे तापावे लागते तेवढ्यातच त्याला धूर येऊ शकतो. लोणी तर आधी मुळीच घालू नये, कारण त्यातला दुधाचा अंश जळतो. ते पातळ करून नंतर वरून घाल. तेलात फक्त तीन दाणे टाक, झाकण ठेव आणि वाट पाहा. तिन्ही फुटले म्हणजे तेल योग्य तापले, एवढा साधा तो मापक आहे. मग आच बंद कर, झाकण काढून उरलेले दाणे घाल (एकूण अर्धी वाटी, त्याहून जास्त नाही), पातेले एकदा हलव आणि सावकाश तीस आकडे मोज. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे जवळजवळ सारखे तापतात, त्यामुळे पातेले पुन्हा मध्यम आचेवर ठेवल्यावर ते जवळजवळ एकदमच फुटू लागतात, आणि आधी फुटलेल्या लाह्या खाली पडून करपत नाहीत.

झाकण किंचित तिरके ठेव, बोटभरही नाही, आणि फट तुझ्या विरुद्ध बाजूला असू दे. वाफ कोंडली तर लाह्या चामट होतात. अधूनमधून पातेले पुढेमागे सरकव, म्हणजे न फुटलेले दाणे तळाशी जातील. आणि हे चालू असताना फोन पाहायला बाहेरच्या खोलीत जाऊ नकोस. यात पाचसहा मिनिटांहून अधिक वेळ जात नाही. तेवढी मिनिटे शेगडीसमोर उभी राहा.

थांबायचे केव्हा, ते कानाने कळते. आधी एखादा फुटतो, मग पावसाच्या सरीसारखा एकच तडतडाट होतो, आणि तो विरळ होत जातो. दोन फुटण्यांमध्ये दोन ते तीन सेकंदांचे अंतर पडले की आच बंद. तुला आठवते का, आषाढात वीज चमकली की तू आणि बाबा पडवीत बसून गडगडाट होईपर्यंत मोजत असायचात? तू पाचपर्यंत पोहोचलीस की आनंदाने ओरडायचीस की ढग दूर गेला, आणि आधी त्याच विजेला घाबरून तू धान्याच्या कणगीमागे लपलेली असायचीस. तसेच इथे मोज: एक, दोन, आणि तिसरा आकडा तोंडात येईपर्यंत काही फुटले नाही तर ढग गेला. शेवटच्या आठदहा दाण्यांचा मोह धरू नकोस, कारण त्यांच्यासाठी थांबलीस तर आधीच्या दोनशे लाह्या करपतील. आच बंद करून लगेच परातीत ओत. पातेल्याचे बूड तापलेलेच असते आणि लाह्या त्यात ठेवल्या तरी जळत राहतात.

मायक्रोवेव्हमध्येही मोजायचे तेच आहे. तू पाच मिनिटे लावून आंघोळीला गेलीस. पिशवीवरची वेळ निव्वळ अंदाज असतो, कारण प्रत्येक यंत्राची शक्ती वेगळी असते, आणि यंत्रावर पॉपकॉर्नचे वेगळे बटण असले तरी त्यावर विसंबू नये. बहुतेक पिशव्या दोन ते चार मिनिटांत होतात. तू समोर उभी राहा आणि दोन सेकंदांचे अंतर पडले की बंद कर. पिशवी फुगून भिंतीला घासते आणि फिरायची थांबते का तेही पाहा, कारण ती अडली की एकाच जागी तापून मधोमध काळी होते आणि कडेचे दाणे तसेच राहतात. उघडताना वरचे दोन कोपरे विरुद्ध दिशांना ओढ, तोंड आणि मनगट बाजूला ठेवून. कालचा फोड आचेचा नव्हता, वाफेचा होता.

पुन्हा फोडावर आले. बाबांना मी काही सांगितलेले नाही. मार्चनंतर त्यांना अशा गोष्टी सांगायला मन धजत नाही. तू एकटीने खोली घेतलीस, स्वयंपाक शिकते आहेस, काल धूर झाल्यावर न घाबरता यंत्र बंद केलेस, याचा मला फार अभिमान वाटतो, आणि तरीही रात्री दोनदा उठून मी आपल्याच गॅसची खुंटी पाहून आले. म्हणून एवढे लिहू दे: यंत्रात धूर दिसला तर दार उघडू नकोस, बंद करून प्लग काढ आणि धूर आतच विरू दे. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेव, गॅस बंद कर, आणि पाणी कधीही टाकू नकोस. पातेलेही उचलू नकोस. मी उपदेश करते आहे, मला क्षमा कर. लिहिले नसते तर आज झोप लागली नसती.

मंगळवारच्या बसने घट्ट झाकणाची काचेची बरणी भरून दाणे पाठवते. उघड्या पुडीत ते सुकतात, म्हणून बरणीतच ठेव आणि शेगडीपासून दूर ठेव. पहिल्यांदा अर्ध्या वाटीचेच कर, आणि लाह्या परातीत ओतून गॅस बंद केल्यावर मला फोन कर. किती दाणे न फुटता राहिले ते मोजून सांग.

तुझी,
आई