समोर येऊन बोललात, त्याबद्दल

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे.

अपघातानंतर मी गाडीतच होते आणि तुमच्या आधी तिथे निदान दहा माणसं होती. एकजण मोबाइलवर चित्रण करत होता. एकाच्या हातात पेटती सिगारेट होती आणि गाडीच्या मागून पेट्रोल गळत होतं. "धूर येतोय, पेटणार!" असं ओरडत दोघांनी माझे हात धरून ओढायला सुरुवात केली. मानेतून अशी कळ गेली की मी किंचाळले. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात ते चढाच्या बाजूने. पेट्रोल उताराकडे वाहत होतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सखल जागी साचते, हे मला नंतर कळलं. आधी तुम्ही सिगारेटवाल्याला लांब पाठवलंत, गर्दी उताराकडून हलवलीत, आत हात घालून इंजिन बंद केलंत. कुणीतरी बॉनेट उघडायला धावला, त्याला थांबवलंत. आत आग धुमसत असली तर उघडताच हवा मिळून भडकते. मग लांबूनच वास घेऊन म्हणालात, "पांढरं आहे, लगेच विरतंय, गोडसर वास येतोय. रेडिएटरची वाफ आहे ही." काळा धूर आणि जळक्या वायरचा वास असता तर तुमचा निर्णय वेगळा असता.

पण मला रोज आठवतं ते दुसरंच. बाकी सगळे मला खिडकीतून हाका मारत होते आणि मी प्रत्येक हाकेला मान वळवायला बघत होते. तुम्ही फुटलेल्या काचेसमोर, थेट माझ्या नजरेपुढे येऊन उभे राहिलात आणि मग बोललात. "माझ्याकडेच बघा. मान हलवू नका. हो म्हणायलासुद्धा नाही, तोंडाने सांगा."

मग गळती नव्हती त्या बाजूच्या दारातून मागच्या सीटवर बसलात आणि दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलंत, होतं तसंच, सरळ करायला न जाता. अग्निशामक नळकांडं घेऊन एकाला बाहेर उभं केलंत, सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी माती टाकायला लावलीत. मला खोटा धीर दिला नाहीत. म्हणालात, "ज्वाळा दिसली तर मानेचा विचार करणार नाही, काखेत हात घालून ओढून काढेन. तोवर हे हात सोडत नाही."

पेट्रोलचा वास तुम्हालाही येत होता, दादा. तुम्ही उठून जाऊ शकला असतात. कुणी बोल लावला नसता. इतकं सरळ माणूसपण मी फार कमी पाहिलंय.

मानेचा मणका मोडला होता, पण मज्जारज्जू वाचला. आज हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मानेला पट्टा बांधला तेव्हा तुम्ही हात काढलेत. ते थरथरत होते. तेवढंच मला दिसलं, कारण तुमच्याकडे वळून बघायला तुम्हीच मनाई केली होती.