चेष्टा, हरकत आणि आपत्ती

प्रिय विवेक,

तुझं मराठीतलं पत्र मिळालं, दोनदा वाचलं, खूप बरं वाटलं. फक्त एका वाक्यापाशी थांबलो. तू लिहिलंयस, 'मी रोज मराठी बोलायची चेष्टा करतो.' तुला प्रयत्न म्हणायचंय हे मला कळलं, कारण मला तुझी हिंदी माहितीये, पण दुसरं कोणी वाचलं तर त्याला वाटेल तू मराठी बोलण्याची टिंगल करतोस. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, मस्करी. आणि क्रियापदावरून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही, दोन्हीकडे 'करणे'च! फरक दिसतो तो आधीच्या शब्दात. हिंदीत 'बोलने की चेष्टा', म्हणजे आधी काम येतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा माणूस येतो, 'माझी चेष्टा करू नकोस', 'त्याची सगळ्यांनी चेष्टा केली'. तुला हवाय तो शब्द प्रयत्न, तो हिंदीतही आहेच, म्हणून लिही 'बोलायचा प्रयत्न करतो'. बोलायची नाही हं, बोलायचा, प्रयत्न पुल्लिंगी आहे.

पत्राच्या शेवटी तू म्हणतोस, 'माझ्या चुका काढल्यास तर मला आपत्ती नाही.' इथे जरा गंमतशीर अदलाबदल झालीये. हिंदीतली आपत्ति म्हणजे आक्षेप, मराठीत आपत्ती म्हणजे संकट, पूर, भूकंप वगैरे, ज्याला हिंदीत आपदा म्हणतात. म्हणून आपल्याकडे आपत्ती 'येते' किंवा 'ओढवते', हिंदीतल्या 'आपत्ति जताना'सारखी ती कोणी नोंदवत नाही. तुझ्या वाक्यात हवं होतं 'माझी काही हरकत नाही'. आता हरकत म्हटलं की तुझ्या डोक्यात 'ये क्या हरकत है' येणार, पण ते आपल्याकडे 'हे काय चाळे' असं होतं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की अरबीत हरकत म्हणजे हालचाल आणि संस्कृतात चेष्टा म्हणजेही हालचालच. हिंदीत हरकत हालचालीच्या जवळ राहिली, मराठीत ती आडकाठी झाली, आणि सरकारी नोटिशीत 'हरकती व सूचना' मागवतात त्या याच. गाण्यात मात्र जुना अर्थ मराठीतही टिकलाय, गायक हरकत घेतो म्हणजे स्वरांची छोटी चपळ हालचाल करतो, विरोध नाही करत. त्यामुळे 'त्याने हरकत घेतली' एवढंच ऐकलंस तर बोलणं मैफिलीचं चाललंय की मीटिंगचं ते आधी बघ.

आता ती दोन वाक्यं नीट लिहून पुढच्या पत्रात पाठव, आणि तिसरं तुझ्या मनाचं, ज्यात 'करायला हरकत नाही' येईल. त्यात हरकतीआधी काम येतं, तेही जमतंय का बघू.

तुझा,
अमोल