ते एकवीस फोटो कुठे गेले? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला आयटी शिकवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेवर मुलांकडून प्रकल्प करून घ्या, असं आता सगळीकडून सांगितलं जातं आणि त्यासाठी विषयांच्या याद्याही येतात. आमच्या हाती आलेल्या यादीत पहिलाच विषय होता, ‘एआय: शाप की वरदान’. हा निबंध आमच्या पिढीने विज्ञानावर लिहिला होता, आमच्या आधीच्यांनी यंत्रयुगावर. मुलं नेटवरून दोन पानं उतरवतात, रंगीत मुखपृष्ठ लावतात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जातात.

त्याच यादीत खाली ‘चेहरा ओळखणारी हजेरी प्रणाली’ असा विषय होता. तो आम्ही करून पाहिला. त्यात काय घडलं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. पाच मुलांच्या गटाने वर्गातल्या ५२ जणांचे फोटो व्हॉट्सअॅपवर गोळा केले. मी होकार दिला होता, विचार न करता. आठवड्याने एका मुलीचे वडील शाळेत आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “सर, माझ्या मुलीचा फोटो आत्ता नेमका कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे?” मला उत्तर देता आलं नाही. शोधलं तेव्हा तो सात फोनमध्ये, दोन लॅपटॉपवर आणि कुणाच्या तरी ड्राइव्हवर निघाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. कायद्याची कलमं शाळेच्या प्रकल्पाला कशी लागू होतात यावर वकील वाद घालू शकतील. त्या वडिलांच्या प्रश्नाला मात्र उत्तर असायलाच हवं होतं.

फोटो पुसले आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी फक्त मोठ्या माणसांवर. शिक्षक, शिपाई, कॅन्टीनच्या काकू, काही पालक असे ३० जण, १५ स्त्रिया आणि १५ पुरुष. प्रत्येकाकडून मराठीत लिहिलेलं संमतीपत्र घेतलं. फोटो लॅबच्या एकाच संगणकावर ठेवले, त्याचं इंटरनेट काढून टाकलं आणि पुसण्याची तारीख फळ्यावर लिहून ठेवली.

मुलांनी `face_recognition` ही पायथनची मोफत लायब्ररी घेतली होती. ती चेहऱ्याचे १२८ आकडे करते आणि दोन फोटोंच्या आकड्यांमधलं अंतर मोजते. अंतर ०.६ किंवा त्याहून कमी आलं तर दोन्ही फोटो एकाच माणसाचे, असं ती धरते. सगळा निवाडा एवढ्यावर आहे:

```python
d = face_recognition.face_distance([juna], nava)[0]
print(d, d <= 0.6)
```

प्रत्येकाचा एक फोटो नोंदवून ठेवला. मग मार्चअखेरीस प्रत्येकाचे चार नवे फोटो काढले: स्टाफरूममध्ये, व्हरांड्यात, दुपारी सुटताना गेटवर आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये. एकूण १२० फोटो झाले. गटाने निकाल आणला तो असा: अचूकता ९६ टक्के. पोरं खूश होती, मीही होतो. लायब्ररीच्या माहितीपानावरचा दावा ९९.३८ टक्क्यांचा आहे, त्याच्या जवळच आलो होतो.

वहीत उत्तरं भरणाऱ्या मुलीची बेरीज मात्र जमेना. “सर, फोटो एकशेवीस काढले ना? यादीत नव्व्याण्णवच दिसून राहिले.”

एकवीस फोटो कुठे गेले? ज्या फोटोत प्रोग्रामला चेहराच सापडला नाही, तो फोटो मुलांनी वगळला होता. मुद्दाम नव्हे. चेहरा सापडला नाही की यादी रिकामी येते आणि पुढच्या ओळीवर प्रोग्राम बंद पडतो, म्हणून त्यांनी ‘रिकामी असेल तर पुढे जा’ असं लिहिलं होतं. चूक झाली की ती मोजणीतूनच बाहेर पडत होती. ९९ पैकी ९५ बरोबर म्हणजे ९६ टक्के, हे खरं होतं. १२० पैकी ९५ म्हणजे ७९ टक्के, हेही खरंच.

मग बायका आणि पुरुष वेगळे मोजले. पुरुषांच्या ६० फोटोंपैकी ५६ बरोबर ओळखले गेले, म्हणजे ९३ टक्के. बायकांच्या ६० पैकी ३९, म्हणजे ६५ टक्के. हरवलेल्या २१ पैकी १८ फोटो बायकांचे होते, आणि त्या १८ पैकी १४ दुपारच्या गेटवरचे.

कारण तुम्हाला विदर्भात कुणीही सांगेल. मार्चअखेर इथे ऊन चाळिशी गाठतं. गाडीवर निघणारी प्रत्येक बाई आधी स्कार्फ बांधते, नाकापासून कपाळापर्यंत, डोळे तेवढे उघडे. आमच्या गेटवर पंधरापैकी चौदा जणींनी तो बांधलेला होता. पुरुषांनी दुपट्टे गाडी सुरू करताना बांधले, म्हणजे फोटोनंतर. गटातला एक जण म्हणाला, “मशीन बायकांनाच ओळखून नाही राहिली.” दुसऱ्याने लगेच खोडलं: बायकांना नाही, स्कार्फला. मग त्या चौदा जणींना विनंती करून त्याच जागी, त्याच उन्हात, स्कार्फ काढून पुन्हा फोटो घेतले. तेरांमध्ये चेहरा सापडला. म्हणजे कारण स्कार्फ होता, पण फटका बसत होता बायकांनाच. माझ्या मते सबंध प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे, कारण भेदभाव यंत्रात कुणी लिहून ठेवला नव्हता.

तीस माणसांवरून नागपूरबद्दल काही बोलता येत नाही, हेही मुलांनी अहवालात लिहिलं. त्या एका गेटबद्दल बोलता येतं.

मग ९९.३८ टक्के कुठून आले, हे मी मुलांना शोधायला लावलं. तो आकडा एका फोटोसंग्रहावर मोजलेला आहे. त्यात ५,७४९ व्यक्तींचे १३,२३३ फोटो आहेत, बातम्यांमधल्या प्रसिद्ध लोकांचे. एकट्या धाकट्या जॉर्ज बुश यांचे ५३०. हा संग्रह बनवतानाच ज्या फोटोत चेहरा शोधणाऱ्या प्रोग्रामला चेहरा सापडला, तेवढेच फोटो ठेवले होते. आमच्या पोरांनी अजाणता जे केलं, ते तिथे मुळातच होतं! दुसरी गोष्ट त्याच माहितीपानावर उघड लिहिलेली आहे: हे मॉडेल मोठ्यांच्या चेहऱ्यांवर शिकवलेलं आहे आणि ०.६ च्या मर्यादेवर ते लहान मुलांची सहज गल्लत करतं. शाळेच्या हजेरीसाठी ते वापरायला निघालेल्या किती जणांनी ते वाक्य वाचलं असेल?

वेगवेगळं मोजण्याची ही रीत आमची नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली १,२७० फोटोंवर तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. एकच सरासरी पाहिली असती तर हे दिसलं नसतं.

शेवटचा भाग मर्यादेचा. उरलेल्या चार चुकांपैकी तीन ‘ओळख पटली नाही’ अशा होत्या आणि एकीत एका बाईंना दुसऱ्याच बाई ठरवलं होतं. मुलांनी ०.६ चं ०.५ केलं. परक्याला आपला म्हणण्याची चूक गेली, पण आपल्याच माणसाला परका म्हणण्याच्या चुका ३ वरून ११ झाल्या. दोन्ही एकदम कमी करणारा आकडा त्यांना सापडला नाही. मग प्रश्न उरतो की कोणती चूक कोणाला भोवते. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर चेहरा जुळवून टीएचआर, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं पाकीट, दिलं जातं. तिथे आपल्याच माणसाला परकं ठरवलं तर गरोदर बाई पाकिटाविना घरी जाते. पोलिसांच्या हातात उलट. अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांनी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स या माणसाला चुकीच्या जुळणीवरून बायको-मुलींसमोर अटक केली. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात कळवलं होतं की ८० टक्क्यांवरची जुळणी ते होकारार्थी धरतात. ऐंशीच का, हा प्रश्न अकरावीचा मुलगा आता विचारू शकतो, कारण त्याने स्वतः ०.६ चं ०.५ करून पाहिलंय.

साहेब, एवढं सांगून मागणं थोडंच आहे. यादीतले विषय मथळे न राहता प्रश्न व्हावेत, आणि प्रश्नात छेद दिसावा: कितींपैकी किती, कोणत्या गटात, आणि मोजणीतून कोण गळलं. रील सुचवणाऱ्या अॅपवर प्रकल्प असेल तरी हेच. ‘अॅप पक्षपाती आहे का’ असं विचारून हाती काही लागत नाही. दोन कोरी खाती उघडा, एकावर फक्त कुस्ती पाहा, दुसऱ्यावर फक्त रांगोळी, आणि पुढच्या शंभर सूचना वहीत लिहा, हे करता येतं.

दुसरं, अल्पवयीन मुलांचे चेहरे गोळा करायचा कोणताही प्रकल्प पालकांच्या लेखी संमतीशिवाय करू नये, असं एका ओळीचं परिपत्रक काढा. ते आधी असतं तर मी त्या वडिलांसमोर मान खाली घालून उभा राहिलो नसतो.

तिसरं गुणांचं, आणि खरी अडचण इथेच आहे. आमच्या गटाने अहवालात ७९ टक्के लिहिले. दुसऱ्या एका गटाने ९८ लिहिले, मोजणी न दाखवता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्यांना कमी गुण दिले आणि प्रकल्प ‘अपूर्ण’ असल्याचा शेरा मारला. वहीवाल्या त्या मुलीने मला विचारलं की ते एकवीस फोटो सांगितलेच नसते तर बरं झालं असतं का. गुणदानाच्या तक्त्यात चालत्या प्रात्यक्षिकाला गुण आहेत. चुकांच्या तक्त्यालाही निदान तेवढेच द्या, म्हणजे पुढच्या वर्षी मला तिला काही सांगता येईल.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असालच. विधानभवनापासून आमची शाळा ऑटोने पंधरा मिनिटांवर आहे. मुलं यंत्र गेटवर लावून दाखवतील. फक्त आपला फोटो नोंदवायचा झाला तर आधी संमतीपत्र भरावं लागेल. तो कोणत्या तारखेला पुसणार, ते त्यावर लिहिलेलं असेल.

आपला विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक आयटी शिक्षक, नागपूर