चुकीच्या खात्यात गेलेले पैसे: बँक काय करू शकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. चुकून दुसऱ्याच्या खात्यात पैसे गेले तर बँकेला कळवा, ४८ तासांत रक्कम परत मिळते, असं त्यात छातीठोकपणे म्हटलं आहे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि यंदा हीच चूक माझ्याच हातून झाली. तेव्हा दोन्ही बाजू पाहिलेला माणूस म्हणून लिहितो.

गावाकडच्या घराचे पत्रे बदलायचे होते. त्या कामाचे ४२,००० रुपये एका शनिवारी सकाळी मी मोबाइलवरून एनईएफटीने पाठवले. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे ७४ होते, मी ४७ लिहिले. दुसऱ्यांदा क्रमांक टाकतानाही कागदावर न बघता पहिलाच आठवून टाकला, म्हणजे चूक पक्की झाली. सोमवारी संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला, "काका, पैसे काय आले नाहीत." माझ्या मोबाइलवर तर व्यवहार यशस्वी झाल्याचा निरोप होता. यशस्वी म्हणजे मी लिहिलेल्या क्रमांकावर रक्कम जमा झाली, एवढाच त्याचा अर्थ.

अनेकांना वाटतं की नाव जुळलं नाही तर पैसे आपोआप परत येतात. तसं होत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे की अशा व्यवहारात रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा केली जाऊ शकते आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. लिहिलेल्या क्रमांकाचं खातंच अस्तित्वात नसेल तर एनईएफटीची रक्कम सहसा काही तासांत परत येते, कोणाला विनवावं लागत नाही. माझं दुर्दैव असं की ४७ वाल्या क्रमांकाचं खातं मिस्त्रीच्याच बँकेत होतं आणि चालूही होतं.

सोमवारी रात्री ग्राहक सेवेला फोन करून मी तक्रार क्रमांक घेतला. मंगळवारी शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला, कारण फोनवरच्या तक्रारीत नेमका तपशील उतरत नाही हे मला नोकरीतूनच ठाऊक होतं. अर्जात तारीख, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, जिथे पाठवायचे होते तो खाते क्रमांक आणि जिथे गेले तो, असं सगळं लिहिलं. दोन क्रमांक एकाखाली एक मांडले की आकड्यांची अदलाबदल डोळ्यांनाच दिसते आणि ही चूक आहे, व्यवहारातलं भांडण नाही, हे समोरच्या बँकेला लगेच पटतं. मिस्त्रीने दिलेल्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत जोडला. मागणी दोनच: खातेदाराची संमती घेऊन रक्कम परत करावी आणि तोवर शक्य असल्यास ती रोखून धरावी. प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली.

पुढचा भाग लोकांना पटत नाही. माझी बँक समोरच्या बँकेला कळवू शकते, आणि समोरची बँक तिच्या खातेदाराला विचारू शकते. त्याने लेखी होकार दिल्याशिवाय ती बँक त्याच्या खात्यातून रक्कम काढत नाही. आपल्याला राग येतो, पण उलट बाजूने पाहा. उद्या कोणीही अर्ज करून तुमच्या खात्यातले पैसे "चुकून गेलेत" म्हणून काढून घेऊ लागला तर? रक्कम तात्पुरती रोखणंही त्या बँकेच्या विवेकावर असतं. काही शाखा रोखतात, काही पोलिसांचं किंवा न्यायालयाचं पत्र मागतात. खातेदाराचं नाव-पत्ता तर आपल्याला मिळतच नाही. ते गोपनीय असतं आणि मी निवृत्त कर्मचारी असल्याचाही काही उपयोग झाला नाही, जे योग्यच झालं.

माझ्या प्रकरणात त्या खात्याला जोडलेला मोबाइल बंद होता. बँकेने पत्त्यावर पत्र पाठवलं. नऊ दिवसांनी खातेदार शाखेत आला. सरकारी योजनेचा हप्ता आला असं समजून त्याने तोवर १५,००० रुपये काढले होते. मॅनेजरने समोर बसवून समजावल्यावर त्याने उरलेल्या २७,००० साठी संमतीपत्र दिलं आणि ते दोन दिवसांत माझ्या खात्यात आले. बाकीच्यासाठी हप्ते ठरले. त्या खात्यावर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट असता तर आलेली रक्कम त्यातच जिरली असती आणि गुंता वाढला असता. खातेदार हयात नसता, तर वारसांपर्यंत पोचेस्तोवर महिने गेले असते.

समोरच्याने चक्क नकार दिला तर बँकेचं काम तिथे संपतं, आपलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेली रक्कम परत करणं बंधनकारक आहे. त्या आधारे वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा करता येतो. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं. कळूनसवरून पैसे वापरले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली, म्हणजे अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार केल्याची, पोलिसांत तक्रार करता येते. नाव माहीत नसणं इथे अडत नाही, पोलीस आणि न्यायालय ते बँकेकडून मागवू शकतात. पण पाच हजारांसाठी दावा लावणारा मी तरी पाहिलेला नाही. खर्च, तारखा आणि रक्कम यांचा हिशोब ज्याने त्याने करावा.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं नावही त्या मजकुरात आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही किंवा समोरच्या बँकेला कळवायची टाळाटाळ केली, तर लोकपालाकडे जरूर जावं. खातेदार पैसे देत नाही ही मात्र बँकेच्या सेवेतली त्रुटी नव्हे, त्यामुळे तिथे लोकपाल फारसं काही करू शकत नाही. तसंच १९३० हा क्रमांक सायबर फसवणुकीसाठी आहे. आपल्या चुकीला फसवणूक म्हणून तिथे नोंदवलं तर एखाद्या निरपराध माणसाचं खातं गोठू शकतं.

एक कबुली देतो. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, तेही विनाशुल्क. माझ्या ॲपमध्ये ते बटण होतं, मी दाबलं नाही. माझी सूचना एवढीच की नवीन खाते क्रमांकासाठी ते बटण ऐच्छिक ठेवू नये. नाव दिसल्याशिवाय पहिली रक्कम पुढे जाऊच नये. आणि धनादेश थांबवण्यासाठी जसा छापील अर्ज असतो तसा याही चुकीसाठी प्रत्येक शाखेत असावा. माझ्या शाखेत तो नव्हता, काउंटरवरच्या मुलीने मला कोरा कागद दिला.

बाकी १५,००० पैकी १०,००० दोन हप्त्यांत आले आहेत. उरलेले दिवाळीनंतर देतो असं तो म्हणाल्याचं मॅनेजर सांगतात. त्याचं नाव मला अजून माहीत नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)